सोळावे लागले की सरले?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर काही खातेदारांच्या नावापुढे ‘अपाक’ असा शेरा असतो. अज्ञान पालनकर्ता याचे ते संक्षिप्त रूप. पवनी तालुक्यातल्या एखाद्या गावी बाप वारला आणि वारसांमध्ये दहा वर्षांचा मुलगा असला, तर वारसाच्या फेरफाराने त्याचे नाव जमिनीला लागते. पण त्या नावाला जोडून ‘अपाक’ आणि आईचे नाव येते. जमीन मुलाची, सही आईची. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की जन्माचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा, नवा फेरफार मंजूर करून घ्यायचा आणि तो शेरा कमी करायचा.

कायद्याच्या मराठीत या मुलाला शेरा असेपर्यंत ‘अज्ञान’ म्हणतात आणि नंतर ‘सज्ञान’. शब्द ज्ञानाचे आहेत, मोजमाप मात्र वर्षांचे. घरातल्या बोलण्यात याच गोष्टीला आणखी दोन शब्द आहेत. मुलगी ‘वयात येते’, म्हणजे शरीर बदलते. मूल ‘कळते’ होते, म्हणजे बरेवाईट समजू लागते. वयात येणे, कळते होणे आणि सज्ञान होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका दिवशी घडत नाहीत, हे बोलीला ठाऊक आहे. भारतात नांदलेल्या तिन्ही मोठ्या विधिपरंपरांनाही, म्हणजे बौद्ध विनय, धर्मशास्त्र आणि इस्लामी फिक्ह यांनाही, ते ठाऊक होते. त्यांनी ‘हे मूल मोठे झाले का’ असा मोघम प्रश्न सहसा विचारला नाही. ‘कशासाठी मोठे झाले’ असे विचारले. उपासना, व्यवहार आणि विवाह यांना वेगवेगळी वये पडली ती त्यामुळे. एखादे कृत्य यांपैकी कोणत्या कप्प्यात टाकायचे, हा खरा वाद होता, आणि त्या निवडीची किंमत सर्वांत जास्त मुलींनी मोजली.

उपासनेचा सर्वांत सविस्तर विचार बौद्ध विनयात सापडतो. पवनीत जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले, तेव्हा मौर्यकाळाच्या आसपासचा मोठा स्तूप आणि दान देणाऱ्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख उजेडात आले. जिथे असा स्तूप, तिथे भिक्षुसंघाचा वावर, आणि जिथे संघ, तिथे त्यात कोणाला कधी घ्यायचे याचा नियम. पाली विनयपिटकात हा नियम एका प्रसंगातून येतो. राजगृहात सतरा मुलांची एक टोळी होती, उपाली हा त्यांचा म्होरक्या. आपल्यामागे मुलाचे कसे होईल, या काळजीत उपालीचे आईबाप होते. लेखन शिकवावे तर बोटे दुखतील, हिशेब शिकवावा तर छाती दुखेल, नाणी पारखायला बसवावे तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्षूंचे बरे, पोटभर जेवून निवाऱ्यात झोपतात, असे त्यांच्या मनात आले. ते उपालीने ऐकले आणि सतराही जणांनी आईबापांच्या संमतीने प्रव्रज्या व उपसंपदा घेतली. पहाट होण्याआधीच ती मुले उठून पेजेसाठी, भातासाठी रडू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्षू समजावत राहिले. मुलांनी अंथरुणे घाण केली. बुद्धांच्या कानावर तो रडण्याचा आवाज गेला, आणि वीस वर्षांखालच्या कोणालाही उपसंपदा देऊ नये असा नियम झाला.

नियमाला दिलेले कारण नियमाइतकेच मोलाचे आहे. वीस वर्षांखालच्या माणसाला थंडी, ऊन, भूक, तहान, डास, सरपटणारे प्राणी, टोचून बोललेले शब्द आणि शरीराच्या वेदना सोसवत नाहीत, असे ते कारण. इथे बुद्धी तपासलेली नाही, लैंगिक परिपक्वताही नाही. भिक्षूचे जगणे म्हणजे सोसणे, म्हणून पात्रताही सोसण्याची. श्रामणेर होणे त्याहून हलके, म्हणून त्याला वय पंधरा. त्यालाही पुढे अपवाद झाला. आनंदाच्या ओळखीचे एक कुटुंब रोगाने संपले, दोन लहान मुले तेवढी उरली. भिक्षू दिसले की ती सवयीने धावत येत, आणि वय भरत नाही म्हणून भिक्षू त्यांना परत लावत. तेव्हा ठरले की पंधराच्या आतले मूल कावळे हाकलण्याइतके मोठे असेल तर त्याला श्रामणेर करावे. शेतावर राखणीला बसवता येईल एवढे मूल, ही मोजपट्टी वैनगंगेकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला आजही समजावून सांगावी लागणार नाही.

वय मोजायचे कुठून, हाही प्रश्न निघाला. कुमारकस्सपाची उपसंपदा गर्भापासून वीस वर्षे धरून झाली होती. ती वैध आहे का, अशी शंका आली आणि गर्भातला काळ धरायला मान्यता मिळाली. आणि वीस भरलेली नसताना कोणी उपसंपदा दिलीच, तर? विनयाचे उत्तर काटेकोर आहे. ती उपसंपदा झालीच नाही असे धरायचे, आणि जाणूनबुजून देणाऱ्या उपाध्यायाला दोष लागतो. मुलाला दोष नाही.

धर्मशास्त्रात उपासनेचे दार उपनयन. ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे वर्ष, तेही गर्भापासून मोजून. उपनयनाआधीच्या मुलाने काय खावे, काय बोलावे, कसे वागावे याला बंधन नाही, असे गौतम धर्मसूत्र सांगते. आठव्या वर्षी मुंज झालेला बटू संध्या करायला बांधील होतो, पण गाय विकायला पात्र होत नाही. प्रायश्चित्तातही पायऱ्या आहेत. सोळाच्या आतल्याला आणि ऐंशीच्या पुढच्याला अर्धेच.

फिक्हमध्ये मुलाला सातव्या वर्षी नमाजाची सवय लावायची, दहाव्या वर्षी त्याबद्दल धाक दाखवायचा. पण नमाज फर्ज होतो तो वयात आल्यावर. त्याला बुलूग म्हणतात. शरीराची खूण दिसली की बुलूग झाला. खूण दिसली नाही तर वय धरायचे: इमाम अबू हनीफांच्या मते मुलाला अठरा, मुलीला सतरा, त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांच्या मते दोघांना पंधरा, आणि पुढे हेच मत चालले. लहानपणी केलेल्या हजचे पुण्य मिळते, पण मोठेपणीचा फर्ज हज त्याने फिटत नाही.

कृत्य कोणत्या कप्प्यात टाकायचे, या प्रश्नाची खरी धार जकातीच्या वादात दिसते. अज्ञान मुलाच्या नावावर सोने-चांदी आहे. त्यावर जकात द्यायची का? हनफी म्हणतात, जकात ही इबादत आहे. इबादत मुलावर फर्ज नाही, म्हणून जकात नाही. शाफई म्हणतात, जकात हा मालावर असलेला गरिबांचा हक्क आहे. मालक लहान असला तरी माल लहान नसतो, म्हणून पालकाने ती द्यावी. महाराष्ट्रात हा निव्वळ किताबी वाद नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, विदर्भ-मराठवाड्यातले बहुतेक हनफी. तेव्हा तेवढीच चांदी त्याच वयाच्या मुलाच्या नावावर असली, तर रत्नागिरीत तिच्यावर जकात लागू आणि नागपुरात नाही. त्यातही हनफींनी एक फरक केला. शेताच्या पिकावरचा उश्र मात्र त्यांनी मुलाच्या जमिनीलाही लावला, कारण तो जमिनीवरचा भार. मुलाने दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस केली तर भरपाईही त्याच्याच मालातून. मालाला वय नसते, इबादतीला असते, हे सूत्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

व्यवहाराकडे वळले की मोजपट्टी बदलते. इथे शरीर कामाचे नाही, समज हवी. कौटिल्याने बारा वर्षांची स्त्री आणि सोळा वर्षांचा पुरुष यांना ‘प्राप्तव्यवहार’ म्हटले, त्या वयाआधी केलेला व्यवहार अमान्य ठरवला आणि पोरक्या मुलाची मालमत्ता तोवर गावातल्या वृद्धांनी सांभाळून वाढवावी असे सांगितले. नारदस्मृतीने तीन टप्पे केले: आठव्या वर्षापर्यंत मूल गर्भासारखेच, सोळाव्यापर्यंत बाल, त्यानंतर व्यवहार जाणणारा, आणि आईबाप हयात नसतील तर स्वतंत्रही. पण सोळावे लागले की सरले, हा प्रश्न उरलाच. बंगालच्या परंपरेने पंधरा पूर्ण होऊन सोळावे लागणे पुरेसे मानले. काशी-मिथिलेच्या परंपरेने सोळावे सरायला हवे म्हटले. खत नेमके त्या एका वर्षात झाले असेल, तर घर राहणार की जाणार हे एका शब्दाच्या अर्थावर ठरे.

फिक्हने इथे वयापेक्षा वेगळी कसोटी आणली. अनाथांना पारखत राहा, ते विवाहाच्या वयाला पोचले आणि त्यांच्यात शहाणपण दिसले की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा, असा कुराणाचा आदेश आहे. या शहाणपणाला रुश्द म्हणतात: पैसा राखता येणे, तो उधळला न जाणे. आता एखादा वयात आला, नमाज-रोजा पाळतो, पण पैसा टिकवत नाही. त्याचे काय? अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणाले, रुश्द दिसेपर्यंत माल देऊ नये, मग तो म्हातारा का होईना. अबू हनीफा म्हणाले, पंचविसाव्या वर्षी देऊन टाकावा. पंचविसाव्या वर्षी माणूस आजोबाही होऊ शकतो; अशा माणसाला स्वतःच्या मालापासून दूर ठेवणे हे मालाच्या नुकसानीपेक्षा मोठे नुकसान आहे. या मताला द्यावे तेवढे महत्त्व दिले जात नाही. मुलाचे रक्षण आणि मोठ्या माणसाची मानखंडना यांच्यामध्ये रेघ ओढायला हवी, हे त्यात दिसते.

ब्रिटिश न्यायालयांपुढे हे सगळे एकदम आले. हिंदू पंधरा किंवा सोळाला, मुसलमान पंधराला सज्ञान; एकाच बाजारातल्या दोन दुकानदारांना दोन वये. १८७२ च्या करार कायद्याने करार करणारा सज्ञान हवा असे म्हटले, आणि सज्ञान कोण हे १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने ठरवले: अठरा पूर्ण. न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकवीस. ही तरतूद १९९९ मध्ये गेली. लागले की सरले, हा जुना घोळ याच कायद्याने मिटवला. जन्मदिवस पूर्ण दिवस धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान समजायचा.

ही नेमकी रेघ काय करते, ते एका कल्पित खातेदारावरून पाहता येईल. मुलाचा जन्म १० जून १९९५ चा. बाप वारला, वाटणी झालेल्या दोन एकरांवर मुलाचे नाव लागले, पुढे अपाक आई. २००५ मध्ये कर्जापोटी आईने ती जमीन विकली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या आठव्या कलमाप्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. इथे ती घेतलेली नाही. खरेदीखताची नोंद झाली, फेरफार झाला, घेणारा जमीन वाहू लागला. तरीही ते खत मुलाच्या इच्छेवर लटकलेले आहे. १० जून २०१३ ला मुलगा सज्ञान होतो, आणि खत रद्द करून मागण्याच्या दाव्याला तिथून तीन वर्षांची मुदत मिळते. ती गप्प राहून गेली की हातात फारसे काही उरत नाही. घेणाऱ्याने जुना सातबारा नीट वाचला असता, तर ‘अपाक’ या तीन अक्षरांनी त्याला सावध केले असते.

आता त्याच मुलाने सतराव्या वर्षी स्वतः खतावर सही केली असती तर गोष्ट निराळी. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये ठरवले की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य असतो. तो नंतर कबूल करून जिवंतही करता येत नाही. विनयातल्या कच्च्या उपसंपदेसारखाच: झालाच नाही.

१८७५ च्या त्या कायद्यात मात्र दुसरे कलम आहे, आणि सगळी मेख तिथे आहे. विवाह, मेहर, घटस्फोट आणि दत्तक या बाबतींतली पात्रता, तसेच कोणाचाही धर्म आणि धार्मिक आचार, यांना हा कायदा हात लावणार नाही, असे ते सांगते. म्हणजे राज्याने तीन कप्प्यांतला व्यवहाराचा एक घेतला आणि दोन शास्त्रांकडे ठेवले. विवाह उपासनेच्या शेजारी बसला.

धर्मशास्त्रात तो तिथेच होता. विवाह हा संस्कार, आणि मनूच्या मते स्त्रीचे उपनयन म्हणजे विवाह. ही तुलना एकदा मान्य केली की उपनयनाचे आठवे वर्ष मुलीच्या लग्नाला चिकटायला वेळ लागत नाही. आठ वर्षांची गौरी, नऊची रोहिणी ही नावे त्यातून रूढ झाली. संस्कार होणाऱ्याची संमती विचारायची नसते, बटूला कोणी विचारत नाही. म्हणून वधूच्या पात्रतेचा प्रश्न निघालाच नाही. संस्कार झाला की झाला, तो उलटवता येत नाही.

फिक्हने विवाह करारात धरला. प्रस्ताव, स्वीकार, मेहर, साक्षीदार. पण करार म्हटला की अज्ञानाचे काय, हा प्रश्न दारात उभा राहतो. लहान मुलीचा निकाह वली लावून देऊ शके. त्या बदल्यात हनफींनी तिला एक दार उघडे ठेवले, खियार-उल-बुलूग. बाप किंवा आजोबा सोडून दुसऱ्या कोणी निकाह लावला असेल, तर वयात आल्यावर ती तो नाकारू शकते. बाप-आजोबांचा अपवाद मोठा होता, कारण बहुतेक निकाह तेच लावत. तरीही तत्त्व मान्य झाले होते: लहानपणी झालेल्या गोष्टीला मोठेपणी नाही म्हणता यावे.

हिंदू मुलीला तसे दार नव्हते, आणि ते नसण्याचा अर्थ मुंबईत रखमाबाईंच्या खटल्यात उघडा पडला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या स्त्रीला मोठेपणी जबरदस्तीने नवऱ्याकडे पाठवणे त्यांना पटले नाही. अपिलात तो निकाल उलटला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनी अकराव्या वर्षी शंभर रुपयांच्या खतावर सही केली असती, तर कोणत्याही न्यायालयाने ते खत त्यांच्यावर लादले नसते. आयुष्यभराचे लग्न लादता आले, कारण ते दुसऱ्या कप्प्यात होते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाचे बारा केले तेव्हाही महाराष्ट्रातला वाद शास्त्रार्थाचाच झाला. टिळकांनी सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून दाखवले की शास्त्र त्या कायद्याच्या आड येत नाही. भांडारकरांचे काम जास्त टिकाऊ होते. त्यांनी शास्त्राबाहेर उभे राहून शास्त्राला दटावले नाही. शास्त्रातच मतभेद आहेत आणि त्यातून निवड करता येते, हे ग्रंथ उघडून दाखवले.

पुढे वये वाढत गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीला चौदा आणि मुलाला अठरा, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा आणि एकवीस. पण झालेल्या लग्नाचे काय, याचे उत्तर फिक्हच्या बाजूने आले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने खियार-उल-बुलूगमधला बाप-आजोबांचा अपवाद काढून टाकला. पंधराच्या आत बापाने वा अन्य पालकाने निकाह लावला असेल आणि संबंध आला नसेल, तर मुलीला अठराच्या आत तो नाकारता येतो. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात जवळपास हेच वाक्य आले: पंधराच्या आत लग्न झालेल्या मुलीने पंधरा ते अठराच्या दरम्यान ते नाकारले असेल, तर तिला घटस्फोट मागता येतो. इथे संबंध आला होता की नाही, हे बघायचे नाही. संस्काराच्या कप्प्यातल्या विवाहाला कराराच्या कप्प्यातले दार बसले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने, लग्नाच्या वेळी जो पक्ष अल्पवयीन होता त्याला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते लग्न रद्द करून मागता येईल असे ठरवले. धर्म कोणताही असो, हे दार सगळ्यांना आहे, असाच त्या कायद्याच्या शब्दांचा सरळ अर्थ दिसतो.

पंधरा ते अठरा ही तीन वर्षे मात्र विचित्र राहिली आहेत. सोळा वर्षांची मुलगी लग्न नाकारायला कायद्याने पुरेशी मोठी आहे. पण त्यासाठी अर्ज करायचा तर ती अज्ञान. तिच्या वतीने वादमित्र लागतो, आणि २००६ च्या कायद्याखाली अर्ज असेल तर पालक किंवा वादमित्राच्या जोडीला बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही लागतो. बहुतेक वेळा लग्न लावणारे आईबापच तिचे नैसर्गिक पालक असतात. नाकारण्याचा हक्क तिचा, आणि तो बजावायला सही दुसऱ्याची. सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे असते तशीच.